चहाचं पातेलं, साखरेचा डबा आणि ज्यूसचं पाकीट: पेयांतल्या कॅलरी घरच्या घरी कशा मोजाव्यात आणि कशा कमी कराव्यात

वजन वाढलं की आपल्याकडे पहिली गदा येते ती भातावर. मग पोळ्या मोजल्या जातात, बटाटा बंद होतो, रात्रीचं जेवण अर्ध्यावर येतं. चहा मात्र तसाच चालू राहतो, कारण चहाला कुणी खाण्यात धरतच नाही. ‘दिवसभरात काय खाता?’ असं आहारतज्ज्ञाने विचारलं तर माणूस प्रामाणिकपणे नाश्ता, दोन जेवणं आणि एखादं फळ सांगतो. पाच वेळचा चहा, ऑफिसातल्या मशिनची कॉफी आणि स्टेशनवर घेतलेलं आंब्याचं पेय त्या यादीत येत नाहीत. लपवण्याचा हेतू नसतो, आठवतच नाही.

या लेखात तोच न आठवणारा भाग मोजायचा आहे. त्यासाठी महागडं ॲप लागत नाही आणि वजनकाटा नसला तरी चालतं. साखरेचा एक वेगळा डबा, चहाचं पातेलं, मापाचा पेला आणि पाकिटावरचा तक्ता वाचण्याची सवय, एवढ्यावर काम होतं.

पोटाला पेयाची दखल का लागत नाही

१९७७ साली इंग्लंडमध्ये सफरचंदावर एक साधा प्रयोग झाला. त्याच माणसांना कधी अख्खं सफरचंद, कधी त्याचा लगदा आणि कधी गाळलेला रस दिला. साखर-पिष्टाचं प्रमाण तिन्ही वेळा सारखंच होतं. अख्खं फळ खायला जितका वेळ लागला, त्याच्या अकराव्या हिश्शात रस पिऊन झाला, आणि पोट भरल्याची भावना रसाने सर्वांत कमी झाली. रसानंतर रक्तातली साखर वर जाऊन पुन्हा जास्त खाली घसरली, म्हणजे भूक परत लवकर लागण्याची सोय झाली.

दुसरा प्रयोग २००० साली अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात झाला. पंधरा जणांनी चार आठवडे रोज ४५० कॅलरी गोळ्यांच्या रूपात खाल्ल्या आणि दुसऱ्या चार आठवड्यांत तेवढ्याच कॅलरी गोड सोड्यातून प्यायल्या. गोळ्या खाल्ल्या त्या काळात त्यांचं बाकीचं जेवण आपोआप तेवढ्याने कमी झालं. सोडा प्यायले त्या काळात जेवण कमी झालंच नाही आणि वजन वाढलं. प्रयोग लहान होता, पण मला तो महत्त्वाचा वाटतो, कारण रोजचा अनुभव तेच सांगतो. दोन लाडू खाल्ले तर जेवताना एक पोळी कमी जाते. दोन कप चहा घेऊन जेवायला बसलं तर ताटात काहीच कमी होत नाही. म्हणून पेयांची गणती भुकेवर सोपवता येत नाही. ती कागदावरच करावी लागते.

मर्यादा किती हेही आधीच ठरवून घेऊ. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलं की वरून घातलेली साखर, मध आणि फळांच्या रसातली साखर मिळून दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत असावी, ५ टक्क्यांच्या आत राहिली तर आणखी चांगलं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत दिवसाला २००० कॅलरी धरून २५ ग्रॅमच्या पुढची साखर जास्त मानली आहे. म्हणजे सहा सपाट चमचे. मिठाई, बिस्किटं, जॅम, केचप सगळं धरून.

पहिली पायरी: चहाच्या साखरेचा डबा वेगळा करा

‘मी एकच चमचा घालतो’ या वाक्याला फारसा अर्थ नाही. चहाचा लहान चमचा सपाट भरला तर त्यात ४ ग्रॅमच्या आसपास साखर मावते. तोच शीग भरून घेतला तर ६-७ ग्रॅम. हात सरावलेला असतो, त्यामुळे आपण शिगेने घालतो हे घालणाऱ्यालाही कळत नाही.

म्हणून चमचे मोजू नका, डबा मोजा. एक किलोचं नवं पाकीट रिकाम्या डब्यात ओता आणि झाकणावर तारीख लिहा. या डब्यातली साखर फक्त चहा-कॉफीसाठी. शिरा, लाडू, आमटीतली चिमूट दुसऱ्या डब्यातून. डबा संपेल त्या दिवशी हिशेब करा: १००० भागिले दिवस भागिले चहा पिणारी माणसं.

समजा घरात चहा पिणारे तिघे आहेत आणि डबा अकरा दिवसांत संपला. १००० ला ११ ने भागलं की रोजचे साधारण ९१ ग्रॅम, तिघांत प्रत्येकी ३०. घराबाहेर काही घेतलं नाही, सणावाराचा गोड घास खाल्ला नाही, तरी २५ ची मर्यादा घरच्या चहातच ओलांडली गेली. बहुतेक घरांत हा आकडा पाहिल्यावर पहिली प्रतिक्रिया ‘पाहुणे आले होते’ अशी असते. असतीलही. मग पुढचा डबा पाहुण्यांशिवायच्या दिवसांत मोजा.

या पद्धतीचा मोठा गुण असा की कुणावर लक्ष ठेवावं लागत नाही. सासूबाईंनी किती चमचे घातले, मुलाने वरून किती घेतली, याची चौकशी होत नाही. डबा सगळ्यांचं मिळून उत्तर देतो.

दुसरी पायरी: पातेल्यात काय गेलं ते मोजा, कपात काय आलं ते नाही

इथे एक चूक सहज होते. चहा उकळून आटला की लोकांना वाटतं कॅलरीही आटल्या. आटतं ते पाणी. दूध आणि साखर जेवढी घातली तेवढी पातेल्यातच राहते, उलट प्रत्येक घोटात तिचं प्रमाण वाढतं. म्हणून दाट आटवलेल्या, बासुंदीसारख्या चहाचा छोटा कपही साध्या चहाच्या मोठ्या कपाला भारी पडतो.

एक दिवस चहा टाकताना दूध मापाच्या पेल्याने घाला. मापाचा पेला नसेल तर अर्ध्या लिटरच्या पिशवीतलं दूध आपल्या नेहमीच्या पेल्यात किती वेळा बसतं ते बघा. पाचशेला त्या संख्येने भागलं की पेल्याचं माप मिळालं. वर घेतलेल्या घरात तिघांच्या चहाला एका वेळी २२५ मिलिलिटर दूध जातं आणि शीग भरून पाच लहान चमचे साखर, म्हणजे साधारण ३० ग्रॅम. प्रत्येकाच्या कपात ७५ मिलिलिटर दूध आणि १० ग्रॅम साखर.

आता कॅलरी. साखरेच्या प्रत्येक ग्रॅममागे ४, म्हणून १० ग्रॅमच्या ४०. दुधाचा आकडा पिशवीवर छापलेला असतो आणि तो पिशवीप्रमाणे बराच बदलतो. फुल क्रीम दुधात १०० मिलिलिटरला ८५ ते ९० कॅलरी असतात, टोन्ड दुधात साठच्या आसपास. फुल क्रीम धरलं तर ७५ मिलिलिटरच्या ६५. एकूण १०५ कॅलरी. पूर्ण दुधाचा, पाणी न घातलेला चहा असेल तर दुधाचा आकडा दुप्पट करा.

दूध आणि साखर यांना एकाच मापाने मोजलं तरी एकाच मापाने तोलू नका. दुधातून प्रथिनं आणि कॅल्शियम मिळतं, आणि अनेक शाकाहारी घरांत ते कामाचं असतं. साखरेतून कॅलरींखेरीज काही मिळत नाही. त्यामुळे कपात करायची तेव्हा क्रम ठरलेला असावा: आधी साखर, मग कपांची संख्या, आणि दुधाला हात सर्वांत शेवटी.

तिसरी पायरी: बाहेरचे कप

टपरीवरचा कटिंग दिसायला छोटा, ७०-८० मिलिलिटरचा. पण तिथे साखर आधणातच पडलेली असते आणि हात सढळ असतो. एका कटिंगमागे ७ ग्रॅम साखर आणि ५५ कॅलरी धरल्या तर अंदाज फारसा चुकत नाही. ‘कमी साखर’ सांगून इथे काही होत नाही, कारण सगळ्यांचा चहा एकाच भांड्यातला. अमृततुल्याच्या दुकानातही तेच. गर्दी नसेल तेव्हा वेगळा बिनसाखरेचा चहा करून देणारे विक्रेते आहेत, विचारून बघायला हरकत नाही. नाहीतर कटिंग तसाच घ्या, पण एक मोजून.

गुळाच्या चहाबद्दल स्पष्ट बोलायला हवं. गावोगावी त्याच्या पाट्या लागल्या आहेत आणि साखरेला निरोगी पर्याय म्हणून तो विकला जातो. गुळात थोडी खनिजं असतात हे खरं, पण चहात पडणाऱ्या दहा ग्रॅम गुळातून मिळणारा त्यांचा वाटा नगण्य आहे. गुळाचा मोठा भाग साखरच, आणि कॅलरी जवळपास तेवढ्याच. चव आवडते म्हणून घ्या. मधुमेह असलेल्याने साखर टाळून गुळाचा चहा पिणं ही स्वतःची फसवणूक आहे.

ऑफिसातल्या मशिनचा कप आणखी फसवा असतो, कारण तिथे साखर घालताना दिसतच नाही. ती पावडरीतच असते. प्रीमिक्सच्या पुडीमागची घटकांची यादी वाचा. यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते, आणि तिथे पहिल्या किंवा दुसऱ्या क्रमांकावर साखर सापडेल. साधारण १४ ग्रॅमच्या पुडीत ८ ग्रॅम साखर आणि ६० कॅलरी असू शकतात. तुमच्या पुडीवरचा आकडा वेगळा असेल तर तोच धरा.

चौथी पायरी: पाकीट उलटं करून वाचा

ज्यूस किंवा शीतपेयाच्या पुढच्या बाजूला फळाचं चित्र असतं, मागच्या बाजूला तक्ता. चित्राशी आपल्याला काम नाही. तक्त्यात तीन गोष्टी बघा.

पहिली, आकडे कशाचे आहेत. बहुधा ते १०० मिलिलिटरचे असतात आणि बाटली २००, २५० किंवा ६०० ची असते. ‘१३ ग्रॅम’ वाचून माणूस निश्चिंत होतो आणि पितो मात्र त्याच्या दुप्पट. बाटलीच्या मापाने गुणल्याशिवाय तो आकडा निरुपयोगी आहे. कोला प्रकारच्या पेयांत १०० मिलिलिटरला १०-११ ग्रॅम साखर असते, म्हणजे पाव लिटरच्या बाटलीत साधारण २६ ग्रॅम. दिवसाची मर्यादा एका बाटलीत संपली. आंब्याच्या पेयांत हे प्रमाण बहुधा कोलापेक्षाही जास्त निघतं. कोला मुलांना नको म्हणणाऱ्या घरांत आंब्याचं पेय फ्रीजमध्ये असतं, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

दुसरी गोष्ट, ‘टोटल शुगर्स’ आणि ‘ॲडेड शुगर्स’ या दोन ओळी. पहिलीत पदार्थातली सगळी साखर येते, दुसरीत फक्त वरून घातलेली. दुधाच्या पेयात हा फरक उपयोगी पडतो. १०० मिलिलिटर दुधात मुळातच पाचएक ग्रॅम दुग्धशर्करा असते, ती दोष म्हणून धरू नका. चॉकलेटच्या किंवा केशर-पिस्त्याच्या बाटलीबंद दुधात दुसऱ्या ओळीतला आकडा बघा. पण फळांच्या रसात ही दुसरी ओळ दिशाभूल करते. ‘नो ॲडेड शुगर’ लिहिलेल्या रसात ती शून्य दिसते, आणि तरी १०० मिलिलिटरला दहाएक ग्रॅम फळातली साखर असतेच. गाळलेल्या रसातली ही साखर जागतिक आरोग्य संघटना मर्यादेतच मोजते, अख्ख्या फळातली मोजत नाही. सफरचंदाच्या प्रयोगाची आठवण ठेवली तर कारण लगेच कळतं.

तिसरी गोष्ट, नाव. ‘फ्रूट ड्रिंक’ म्हणून विकलं जाणारं पेय नियमानुसार १० टक्के फळाच्या रसावरही चालतं, लिंबाच्या बाबतीत ५ टक्क्यांवर. उरलेलं पाणी, साखर, आम्ल आणि स्वाद. आटवलेल्या अर्कात पुन्हा पाणी मिसळून केलेल्या रसावर ‘१०० टक्के फळांचा रस’ असं लिहू नये, असा आदेश अन्न सुरक्षा प्राधिकरणाने जून २०२४ मध्ये काढला. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच प्राधिकरणाने पेयांच्या नावातून ‘ओआरएस’ ही अक्षरंही काढायला लावली. फार गरजेचं पाऊल होतं ते. जुलाबात द्यायच्या खऱ्या ओआरएसमध्ये एक लिटर पाण्याला १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं आणि क्षारांचं प्रमाण ठरलेलं असतं. नावात ओआरएस मिरवणाऱ्या गोड पेयांत साखर त्याच्या कितीतरी पट असायची, आणि जास्त साखरेने लहान मुलाचे जुलाब वाढू शकतात. औषधाच्या दुकानात मागताना पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख आहे ना, ते बघून घ्या.

घरचा रस पाकिटातल्या रसापेक्षा ताजा आणि बिनस्वादाचा असतो, हे मान्य. पण मोसंबीचा एक पेला भरायला तीन-चार फळं लागतात, आणि तीन-चार मोसंब्या सोलून खायला कुणी बसत नाही. रसवंतीतला उसाचा रस तर जवळपास साखरेचं पाणीच. पेलाभर रसात २५-३० ग्रॅम साखर सहज जाते. उन्हाळ्यातल्या प्रवासात एखादा पेला घेतला तर बिघडत नाही, रोजच्या फिरण्याच्या वाटेवर रसवंती असेल तर बिघडतं.

एका दिवसाचा पूर्ण हिशेब

आता हे सगळं एका माणसावर लावून बघू. वर घेतलेल्याच घरातला चाळिशीचा नोकरदार धरा, ठाण्याहून लोकलने मुंबईत जाणारा. सकाळी उठल्यावर एक कप, नाश्त्याबरोबर दुसरा, रात्री घरी आल्यावर तिसरा. प्रत्येकी १०५ म्हणजे ३१५ कॅलरी आणि ३० ग्रॅम साखर. अकरा वाजता मशिनचा कप: ६० कॅलरी, ८ ग्रॅम. चार वाजता सहकाऱ्यांबरोबर खाली जाऊन कटिंग: ५५ कॅलरी, ७ ग्रॅम. परतीच्या वाटेवर स्टेशनवर आंब्याच्या पेयाचं २०० मिलिलिटरचं पाकीट: ११० कॅलरी, २६ ग्रॅम.

बेरीज ५४० कॅलरी आणि ७१ ग्रॅम साखर. तीस ग्रॅम कणकेच्या, तेल न लावलेल्या पोळीत सुमारे १०० कॅलरी असतात. म्हणजे या गृहस्थांनी पाच पोळ्यांहून जास्त ऊर्जा पिऊन घेतली आणि जेवणात दोनच पोळ्या खाल्ल्या म्हणून वजन का उतरत नाही याचा विचार करत राहिले. त्यातल्या २८० कॅलरी निव्वळ साखरेच्या.

साखर उतरवण्याचा क्रम

पहिल्या आठवड्यात फक्त शीग काढा. चमचे तेवढेच, पाच. पण प्रत्येक चमचा डब्याच्या कडेवर घासून सपाट. ३० ग्रॅमचे २०-२१ होतात आणि कपामागे साखर दहावरून सातवर येते. चहा करणाऱ्याखेरीज घरात फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. दुसऱ्या आठवड्यात चार सपाट चमचे, तिसऱ्यात साडेतीन. आता कपामागे साधारण ५ ग्रॅम. इथे महिनाभर थांबा. जीभ सरावली की आणखी उतरवता येतं.

एकदम बंद करावी का, असं अनेक जण विचारतात. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या एका छोट्या अभ्यासात, २०१९ साली, चहातली साखर हळूहळू कमी करणारे आणि एकदम सोडणारे असे गट करून पाहिले. दोन्ही प्रकारे लोकांना जमलं आणि चहाची आवड कमी झाली नाही. मग निवड स्वभावाप्रमाणे. पण आपल्याकडे चहा एका पातेल्यात सगळ्यांचा होतो, तेव्हा पातेल्यातून हळूहळू उतरवणंच व्यवहार्य. एकट्याने बिनसाखरेचा प्यायचं ठरवलं तर रोज वेगळं भांडं चढवावं लागतं, आणि आठ दिवसांत तो उत्साह मावळतो. आलं, वेलची, गवती चहा थोडा वाढवला तर कमी गोडी खटकत नाही.

यानंतर कपांकडे वळा. कुठला कप सोडायचा हे ठरवायला एक चांगला निकष आहे. चहातल्या टॅनिनमुळे अन्नातलं लोह नीट शोषलं जात नाही, म्हणून राष्ट्रीय पोषण संस्थेनेही जेवणाआधी आणि नंतर किमान तासभर चहा-कॉफी टाळायला सांगितलं आहे. हिमोग्लोबिन कमी असलेल्या बायकांची संख्या आपल्याकडे पाहता पोहे-उपम्याच्या बशीशेजारचा आणि जेवणानंतरचा कप आधी हलवावा असं मला ठामपणे वाटतं. आपल्या गृहस्थांनी नाश्त्याचा कप दीड तास पुढे ढकलला आणि रात्रीचा अर्धा केला. मशिनच्या कपाऐवजी चहाची पुडी गरम पाण्यात बुडवून वर थोडं दूध. कटिंग ठेवला, कारण तो चार माणसांशी बोलण्याचा वेळ आहे. आंब्याचं पेय रोजचं बंद.

घरात दूध टोन्ड आणलं. आता घरचा कप ४४ अधिक २०, म्हणजे ६४ कॅलरींचा. दोन पूर्ण आणि एक अर्धा मिळून १६०, ऑफिसातला १५, कटिंग ५५. एकूण २३० कॅलरी, साखर २० ग्रॅमच्या आत. दिवसाला ३१० कॅलरी कमी, आणि ताटातली एकही पोळी न काढता.

वजन किती उतरेल? ७७०० कॅलरी म्हणजे एक किलो हे गणित सर्वत्र सांगितलं जातं, पण ते लांबच्या मुदतीला चुकतं. वजन उतरतं तशी शरीराची गरजही उतरते. अमेरिकेतल्या संशोधकांनी २०११ साली मांडलेला अंदाज जास्त भरवशाचा आहे: रोजच्या आहारात कायमच्या २४ कॅलरी कमी केल्या की कालांतराने एक किलो उतरतं, त्यातलं निम्मं पहिल्या वर्षात, उरलेलं पुढच्या दोनेक वर्षांत. एक १०० कॅलरींचा कप कायमचा सोडला तर अखेरीस चार किलो, पहिल्या वर्षी दोन. अट एकच, त्या जागी दुसरं काही येता कामा नये. ती अट पुरी पाळली जात नाही, म्हणून प्रत्यक्षात आकडा कमीच निघेल असं धरून चाला.

कुठे घसरतं आणि ते कसं ओळखावं

यशाची खूण म्हणजे डब्यावरची तारीख. वरच्या घरात तिघांनीही अडीच कप आणि कपामागे ५ ग्रॅम हे प्रमाण पाळलं तर अकरा दिवसांचा डबा सव्वीस दिवस पुरतो. तो पंधरा-सोळा दिवसांतच संपला तर शीग परत आली आहे किंवा कुणीतरी कपात वरून साखर घेतं आहे.

डबा पुरतो, पण कंबर तिथेच, असंही होतं. मग बिस्किटांचा पुडा आणि खारी-टोस्टची बरणी बघा. चहा कमी गोड लागू लागला की त्याबरोबरचं बिस्किट दोनाचं चार होतं. चहासाठी साखरेचा डबा वेगळा केला तशीच पुड्यावर तारीख लिहा.

उन्हाळ्यात चहा कमी होतो आणि सरबतं वाढतात, हिशेब पुन्हा बिघडतो. लिंबू सरबताच्या पेल्यात चार-पाच चमचे साखर जाते. बाजारच्या अमृत कोकमाच्या बाटलीत साखरेचा पाक असतो. त्याऐवजी कोकमाचं आगळ आणून पाणी, जिरेपूड आणि मीठ घालून प्या. आगळ मुळातच खारट असतं, म्हणून मीठ चाखून घाला आणि रक्तदाब असेल तर बेताने. पातळ ताक तहानेला सर्वांत उत्तम, पेलाभर ताकाच्या ३०-४० कॅलरी. लस्सी आणि पीयूष मात्र ताकाच्या रांगेत बसत नाहीत, ती गोड पक्वान्नं समजून घ्यावीत.

साखरेऐवजी गोडव्याच्या गोळ्या वापरून वजन उतरवावं का? जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये वजन आटोक्यात ठेवण्यासाठी त्या वापरू नयेत असं सुचवलं, कारण लांबच्या मुदतीत फायदा दिसत नाही. ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांना ती सूचना लागू नाही, त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरवावं.

कुणी हे करू नये

भूक मेलेल्या, वजन घटत चाललेल्या वृद्धांचा दुधाचा चहा कमी करू नका. दिवसभरात त्यांच्या पोटात जाणाऱ्या मोजक्या गोष्टींपैकी तो एक असतो. त्यांना उलट फुल क्रीम दूध द्यावं. लहान मुलांच्या दुधात पाणी घालू नये, त्यातली साखर आणि गोड पावडर तेवढी कमी करावी. गरोदरपणात किंवा मूत्रपिंडाच्या आजारात दुधाचं प्रमाण आपल्या मनाने बदलू नये.

इन्सुलिन घेणाऱ्यांची किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांची गोष्ट वेगळी. चहातली साखर आणि गोड पेयं एकदम बंद केली तर औषधाचा डोस जास्त होऊन साखर खाली जाऊ शकते, म्हणून बदलाआधी डॉक्टरांना सांगा. दरदरून घाम, हातांना थरथर, छातीत धडधड, एकाएकी गोंधळल्यासारखं वाटणं ही लक्षणं दिसली आणि माणूस शुद्धीवर असेल तर १५ ग्रॅम साखर लगेच द्यायची: तीन-चार सपाट चमचे साखर पाण्यात विरघळवून किंवा दीडशे मिलिलिटर गोड रस. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, अजून खाली असेल तर तेवढंच परत. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही ओतू नका, थेट दवाखाना गाठा. अशा घरात ज्यूसचं एक छोटं पाकीट औषधांच्या डब्याशेजारी कायम ठेवावं, आणि ते कशासाठी आहे हे घरातल्या मुलांनाही सांगून ठेवावं.